परतफेड तक्त्यातल्या चुका लाल करूनही परत का येतात? मथळे, तारखा आणि बेरजा

कर्ज करारनाम्याची कलमं दोन वाचनांत मार्गी लागतात. शेवटी जोडलेला परतफेड तक्ता मात्र तिसऱ्या प्रुफालाही चुकलेला निघतो. त्यातही वैताग असा, की पहिल्या प्रुफात लाल केलेलीच चूक तिसऱ्यात जशीच्या तशी परत आलेली असते. नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांचे मराठी करारनामे मी तपासते, आणि हा अनुभव इतक्यांदा आलाय की आता करारनामा हातात आला की मी आधी शेवटचं पान उघडते.

चूक परत का येते, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. कलमं वर्डमध्ये लिहिली जातात, पण तक्ता तिथे जन्मत नाही. तो कर्ज विभागातल्या एक्सेलमधून किंवा बँकेच्या संगणक प्रणालीतून येतो आणि वर्डमध्ये चिकटवला जातो. आपण लाल शाई लावतो ती वर्डच्या छापील प्रतीला. ऑपरेटर तिथे दुरुस्ती करतो. मग व्याजदर पाव टक्क्याने बदलतो किंवा पहिल्या हप्त्याची तारीख पुढे जाते, कर्ज विभाग नवा तक्ता पाठवतो आणि तो जुन्याच्या जागी बसतो. आपली दुरुस्ती गेली! मूळ फाइलमध्ये ती कधी झालीच नव्हती. म्हणून तपासणी सुरू करण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: तक्ता कुठून आला, आणि ती फाइल मला मिळेल का? फाइल मिळाली नाही तरी काम होतं, पण मग दुरुस्तीची चिठ्ठी ऑपरेटरबरोबर कर्ज विभागालाही जायला हवी.

एक खरा नमुना घेऊन बोलू, म्हणजे हवेत राहणार नाही. ओळखीच्या खुणा काढून टाकल्या आहेत आणि रकमा सोप्या केल्या आहेत. कर्ज ३,००,००० रुपये, व्याज द.सा.द.शे. १२, मासिक घटत्या बाकीवर, १२ समान मासिक हप्ते. कर्जवाटप ५ एप्रिल २०२५ला, पहिला हप्ता ५ मे २०२५ला. दुसऱ्या प्रुफात तक्ता असा आला होता (मधल्या ओळी गाळल्या आहेत):

| क्र. | हप्ता तारीख | शिल्लक | हप्ता | व्याज | मुद्दल | शिल्लक |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | ०५-०५-२०२५ | ३,००,००० | २६,६५५ | २३,६५५ | ३,००० | २,७६,३४५ |
| २ | ०६-०५-२०२५ | २,७६,३४५ | २६,६५५ | २३,८९२ | २,७६३ | २,५२,४५३ |
| ३ | ०७-०५-२०२५ | २,५२,४५३ | २६,६५५ | २४,१३० | २,५२५ | २,२८,३२३ |
| … | | | | | | |
| ११ | ०३-०५-२०२६ | ५२,५१७ | २६,६५५ | २६,१३० | ५२५ | २६,३८७ |
| १२ | ०४-०५-२०२६ | २६,३८७ | २६,६५५ | २६,३९१ | २६४ | – |
| एकूण | | १९,८५,५४१ | ३,१९,८६० | ३,००,००४ | १९,८५६ | |

पुढे वाचण्याआधी यातल्या चुका स्वतः मोजून बघा. मला पहिल्या नजरेत दोन दिसल्या होत्या. निघाल्या सहा.

आधी मथळे

बहुतेक जण बेरजेपासून सुरुवात करतात, कारण बेरीज चुकली की ओरड होते. मी मथळ्यांपासून करते. रकान्यात काय आहे हेच चुकीचं लिहिलं असेल, तर बरोबर बेरीजही चुकीचीच गोष्ट सांगते.

इथे व्याज आणि मुद्दल यांचे मथळे अदलाबदल झाले आहेत. हे ओळखायला कॅलक्युलेटरही लागत नाही. घटत्या बाकीवरच्या समान हप्त्यात व्याज वरून खाली उतरत जातं आणि मुद्दल चढत जातं, कारण बाकी कमी होते तसा हप्त्यातला व्याजाचा वाटा घटतो. या तक्त्यात ‘व्याज’ चढतंय आणि ‘मुद्दल’ उतरतंय, म्हणजे पाट्या उलट्या लागल्या. खात्री हवी असेल तर पहिली ओळ करा: ३,००,००० वर वर्षाला १२ टक्के म्हणजे ३६,०००, महिन्याला ३,०००. ज्या रकान्यात पहिल्या ओळीला ३,००० आहेत तो व्याजाचा, मथळा काही का म्हणेना.

ही चूक इतकी चिवट का असते, ते ऑपरेटरशी बोलल्यावर कळलं. त्याच्या जुन्या नमुन्यात मथळ्यांची ओळ कायम ठेवलेली होती आणि तो तिच्याखाली फक्त आकडे चिकटवत होता. “मथळे तेच असतात की हो मॅडम,” तो म्हणाला. एके काळी होतेही. बँकेची प्रणाली बदलली, नव्या प्रणालीत मुद्दलाचा रकाना आधी आणि व्याजाचा नंतर येऊ लागला, आणि हे त्याला कुणी सांगितलं नाही. उपाय साधा आहे: आकडे मूळच्या मथळ्यांसकट चिकटवायचे आणि मग तिथल्या तिथे मथळ्यांचं मराठी करायचं. नुसते आकडे जुन्या मथळ्यांखाली सरकवायचे नाहीत.

दुसरी मथळ्याची चूक कमी दिसते आणि जास्त भांडण लावते. ‘शिल्लक’ दोनदा आहे. एक हप्ता भरण्यापूर्वीची बाकी, दुसरी भरल्यानंतरची. तक्ता करणाऱ्याला फरक माहीत असतो, कर्जदाराला नसतो. समजा, सहा हप्ते भरून कर्जदाराला कर्ज बंद करायचंय. सहाव्या ओळीत एका ‘शिल्लक’खाली १,७९,३३६ आहेत, दुसऱ्याखाली १,५४,४७४. फरक २४,८६२ रुपयांचा, आणि दोन्ही आकडे एकाच सही केलेल्या कागदावर. मी तिथे ‘हप्त्यापूर्वीची मुद्दल बाकी’ आणि ‘हप्त्यानंतरची मुद्दल बाकी’ असं लिहायला लावते. मथळा लांबतो, रकाना दोन ओळींचा होतो, ऑपरेटर कुरकुरतो. कुरकुरू दे.

तिसरी गोष्ट तक्त्यात बघून कळत नाही, कलमं शेजारी ठेवून कळते. या करारनाम्यात व्याख्यांच्या कलमात ‘देय दिनांक’ असा शब्द ठरवून दिला होता आणि दंडाचं कलम त्याच शब्दावर उभं होतं. तक्त्यात मात्र ‘हप्ता तारीख’. अर्थ एकच आहे असं कुणीही म्हणेल. पण ‘हप्ता तारीख’ म्हणजे हप्ता प्रत्यक्ष भरल्याची तारीख असा अर्थही कुणी लावू शकतो, आणि करारनाम्यात ही फट ठेवण्याचं काही कारण नाही. व्याख्येत जो शब्द तोच मथळ्यात. याच वाचनात परिशिष्टाचं अक्षर जुळतंय का तेही बघून घ्यावं. कलमात ‘परिशिष्ट अ’ आणि तक्त्यावर ‘परिशिष्ट ब’ हे मी मोजणं सोडून दिलंय.

साठ किंवा एकशेवीस हप्त्यांचा तक्ता असेल तर आणखी एक. दुसऱ्या पानावर मथळे छापले जातात का? वर्डमध्ये मथळ्याची ओळ निवडून Layout टॅबमधलं Repeat Header Rows दाबलं की प्रत्येक पानावर मथळे येतात. काही ऑपरेटर ती ओळ प्रत्येक पानाच्या माथ्यावर हाताने चिकटवतात. मग वर एखादी ओळ वाढली की ती मथळ्याची ओळ पानाच्या मध्यावर, एकेचाळिसाव्या आणि बेचाळिसाव्या हप्त्याच्या मधे येऊन बसते.

तारखा: पहिली ओळ बरोबर असते, तीच फसवते

या तक्त्यातली सगळ्यात गंभीर चूक तारखांची होती, आणि दोन जणांच्या नजरेतून ती निसटली. दोघांनी पहिली तारीख मंजुरीपत्राशी ताडून पाहिली. ५ मे २०२५. बरोबर. बरोबरची खूण केली आणि पुढे गेले.

आता दुसरी ओळ बघा: ०६-०५-२०२५. तिसरी: ०७-०५-२०२५. हप्ता मासिक आहे आणि तक्ता म्हणतोय की दुसरा हप्ता दुसऱ्याच दिवशी! बारावा ४ मे २०२६ला. बाराच्या बारा तारखा मे महिन्यातल्या.

झालं असं. बँकेच्या प्रणालीने तारखा दिवस/महिना/वर्ष या क्रमाने दिल्या: `05/05/2025`, `05/06/2025`, `05/07/2025`. फाइल `.csv` होती. ज्या लॅपटॉपवर ती एक्सेलमध्ये उघडली त्याची विंडोजमधली प्रादेशिक मांडणी अमेरिकी इंग्रजीची होती, आणि तिथे तारीख महिना/दिवस/वर्ष अशी वाचली जाते. ५ जूनची झाली ६ मे. पहिली तारीख मात्र दोन्हीकडून ५ मेच राहते, म्हणून ती वाचली. जिथे दिवसाचा आणि महिन्याचा आकडा एकच असतो अशी ओळ तपासणीसाठी निरुपयोगी असते. ५ तारखेच्या हप्त्यात ती मेची, १० तारखेच्या हप्त्यात ऑक्टोबरची. तारीख ताडायची तर दुसरी आणि शेवटची ताडा.

गंमत म्हणजे हा गोंधळ कागदावर लगेच दिसत नाही. अमेरिकी मांडणीत एक्सेल तीच तारीख `5/6/2025` अशी दाखवतं. आपण ती सवयीने ५ जून वाचतो आणि सगळं ठीक वाटतं. पुढे कुणीतरी व्यवस्थितपणा म्हणून रकान्याचा साचा दिवस-महिना-वर्ष करतो, आणि मग पोटातलं ६ मे बाहेर येतं. पहिलं प्रूफ बरोबर दिसलं आणि दुसरं बिघडलं असं जेव्हा होतं, तेव्हा दुसऱ्यात कुणी काही बिघडवलेलं नसतं. पहिल्यातच ते होतं. एक बारीक खूण पहिल्या प्रुफातही सापडते: आधीचे शून्य गेलेले असतात. प्रणाली `05/06` देत असताना छापून `5/6` आलं, तर मधे कुठल्यातरी यंत्राने ती तारीख स्वतःच्या समजुतीने वाचली आहे.

हप्त्याची तारीख १२च्या पुढची असेल, समजा १५, तर वेगळंच होतं. पंधरावा महिना नसतो, म्हणून एक्सेल ती तारीख वाचतच नाही, नुसती अक्षरं म्हणून ठेवून देतं. दिसायला ती अगदी बरोबर असते, पण तिच्यावर आधारलेलं कोणतंही सूत्र चालत नाही आणि साचा बदलला तरी ती हलत नाही. हप्ते पंधरवड्याचे असतील तर अर्ध्या तारखा उलटतात आणि अर्ध्या अक्षरं बनतात. रुंद रकान्यात ते लगेच कळतं: खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात, अक्षरं डावीकडे. कुणी सगळा रकाना मध्यभागी आणला असेल तर ही खूण पुसली जाते, म्हणून तपासताना मी आधी ती मांडणी काढते.

मूळ फाइल मिळाली असेल तर तीन सूत्रं पुरतात. अनुक्रमांक A रकान्यात, तारीख B मध्ये आणि पहिली ओळ दुसऱ्या क्रमांकावर धरली आहे:

```
=ISNUMBER(B2)
=TEXT(B2,"dd-mmm-yyyy")
=B2=EDATE($B$2,A2-1)
```

पहिलं सूत्र तारीख खरी आहे की अक्षरं ते सांगतं. दुसरं महिना नावाने दाखवतं; सूत्र खाली ओढलं की सगळीकडे May दिसलं आणि प्रश्न मिटला. तिसरं प्रत्येक तारीख पहिलीपासून बरोबर तितक्या महिन्यांवर आहे का ते बघतं. पहिली तारीखच चुकीची असेल तर तिसऱ्या सूत्राला काही कळणार नाही. ती मंजुरीपत्राशी हातानेच ताडायची.

दुरुस्ती करताना रकान्याचा साचा बदलून भागत नाही, कारण साचा फक्त दिसणं बदलतो. `.csv` पुन्हा आणायची, पण दुहेरी क्लिक करून उघडायची नाही. Data टॅबमधून From Text/CSV ने आणायची, Transform Data दाबायचं आणि तारखेच्या रकान्यावर Change Type, मग Using Locale घेऊन English (India) निवडायचं; जुनी पायरी बदलायची का असं विचारलं तर हो म्हणायचं. आणखी टिकाऊ उपाय म्हणजे त्या लॅपटॉपची प्रादेशिक मांडणी English (India) करून टाकणं. हे केल्यावर त्या शाखेतून आलेल्या पुढच्या तक्त्यांत ही चूक मला दिसली नाही.

महिनाअखेरच्या हप्त्यांची चूक वेगळ्या जातीची असते. हप्ता दर महिन्याच्या ३१ला असेल आणि प्रत्येक तारीख आदल्या तारखेत एक महिना मिळवून काढली असेल, तर फेब्रुवारीत २८ येते आणि पुढे मार्चमध्येही २८च राहते. फेब्रुवारीने कापलेले दिवस परत मिळत नाहीत. वरचं सूत्र पहिल्या तारखेपासून मोजतं, म्हणून मार्चमध्ये ३१ परत येते. तक्त्यात फेब्रुवारीनंतरच्या सगळ्या तारखा २८ दिसल्या की साखळी पद्धत वापरली आहे हे समजून जायचं.

छापताना मी महिना अक्षरी लिहायला लावते: ५ जून २०२५. मराठी करारनाम्यात त्याला जागा जास्त लागत नाही आणि दिवस कुठला, महिना कुठला हा वादच राहत नाही. देवनागरी अंकांत १ आणि ९, ५ आणि ६ बारीक टायपात, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर एकमेकांसारखे दिसतात. नुसत्या आकड्यांच्या तारखेत ते जास्त बोचतं. अंक देवनागरी घ्यायचे की इंग्रजी हे बँकेने ठरवावं, पण एका तक्त्यात एकच. कलमात ‘५ तारखेस’ आणि तक्त्यात ‘5’ असेल तर माझी हरकत नाही. एकाच रकान्यात दोन्ही असतील तर मात्र समजावं की तक्ता दोन ठिकाणांहून जोडलाय, आणि जोडाच्या जागी नीट बघावं.

तारखांवर एवढी चिकाटी का, असं एका शाखाधिकाऱ्यांनी विचारलं होतं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१मध्ये सांगून ठेवलंय की परतफेडीच्या नेमक्या देय तारखा, हप्त्यांचं अंतर आणि मुद्दल-व्याजाची फोड करारनाम्यात स्पष्ट लिहिलेली असावी. थकबाकीचे दिवस देय तारखेच्या दिवसअखेरीपासून मोजले जातात आणि ९० दिवस उलटले की खातं अनुत्पादक ठरतं. प्रणालीत दुसरा हप्ता ५ जूनचा आणि सही केलेल्या कागदावर ६ मेचा असेल, तर थकबाकी कधी सुरू झाली यावर दोन मतं होणारच.

बेरीज: फरक किती आहे ते आधी बघा

बेरजेच्या ओळीत चार आकडे होते आणि त्यातले तीन गडबडीचे.

मुद्दलाची बेरीज (म्हणजे ‘व्याज’ मथळ्याखालची) ३,००,००४. कर्ज तीन लाखांचं, परतफेड चार रुपये जास्त. हा गोलाईचा प्रश्न आहे. या कर्जाचा काटेकोर हप्ता २६,६५४.६४ रुपये येतो. तो पूर्ण रुपयात २६,६५५ केला. दर महिन्याला थोडे पैसे जास्त जातात, ते साठत जातात, म्हणून शेवटचा हप्ता थोडा कमी असायला हवा. बाराव्या ओळीत बाकी २६,३८७, तिच्यावर एका महिन्याचं व्याज २६४, म्हणजे शेवटचा हप्ता २६,६५१. तक्त्यात तो २६,६५५च ठेवला होता. त्यामुळे अखेरची बाकी उणे ४ झाली, आणि रकान्याच्या साच्याने ती ‘–’ अशी दाखवली. शून्याच्या जागी रेघ असेल तर मी कधीच विश्वास ठेवत नाही; शेवटच्या ओळीत स्पष्ट ० लिहायला लावते.

हप्त्यांची बेरीज ३,१९,८६० हा त्याचाच भाऊ. अकरा हप्ते २६,६५५चे म्हणजे २,९३,२०५, अधिक शेवटचा २६,६५१, मिळून ३,१९,८५६. आता हे ३,००,००० अधिक व्याज १९,८५६ यांच्याशी जुळतं. बेरजेची ओळ अशी आडवीही जुळली पाहिजे: हप्ते = मुद्दल + व्याज. आणि मुद्दलाची बेरीज मंजूर कर्जाएवढीच, एक रुपयाही इकडेतिकडे नाही. माझ्या मते या दोन कसोट्या सगळ्यांत कामाच्या आहेत.

तिसरा आकडा बाकीच्या रकान्याखालचा १९,८५,५४१. बाकीची बेरीज करायची नसते. एकाच कर्जाची बारा महिन्यांची बाकी एकत्र करून हातात येतं काय? एक्सेलमध्ये बेरजेचं सूत्र आडवं ओढलं की ते या रकान्याखालीही उमटतं आणि कुणी पुसत नाही. कर्जदाराला ‘एकूण शिल्लक’ जवळजवळ वीस लाख दिसते आणि त्याच्या पोटात गोळा येतो. छापील तक्त्यातून हा आकडा काढाच. पण काढण्याआधी त्याचा एक उपयोग करून घ्या. आमच्या ओळखीच्या एका जुन्या हिशेबनीसांनी ही युक्ती दाखवली: मासिक दर सगळीकडे सारखा असेल तर हप्त्यापूर्वीच्या बाक्यांची बेरीज गुणिले मासिक दर म्हणजे एकूण व्याज. १९,८५,५४१चा एक टक्का १९,८५५.४१. तक्त्यातलं व्याज १९,८५६. एकोणसाठ पैशांचा फरक गोलाईचा. म्हणजे व्याजाचा आख्खा रकाना एका गुणाकारात तपासून झाला.

या तक्त्यात नव्हती, पण नेहमी भेटते अशी एक बेरजेची चूक म्हणजे सुटलेली ओळ. नमुना अकरा हप्त्यांचा होता, बारावी ओळ खाली जोडली आणि सूत्र `=SUM(D2:D12)` च राहिलं. हवं होतं `=SUM(D2:D13)`. बेरीज २,९३,२०५ येते. इथे सगळे आकडे पुन्हा मिळवत बसू नका. बरोबर बेरजेतून छापील बेरीज वजा करा आणि आलेला फरक बघा. फरक २६,६५१ आला, म्हणजे शेवटच्या हप्त्याएवढा. तीच ओळ सुटली. फरक मधल्याच एखाद्या ओळीएवढा असेल, तर त्या ओळीतला आकडा बहुधा पीडीएफमधून कॉपी झालाय, मागे एक रिकामी जागा चिकटली आहे आणि एक्सेल त्याला आकडा मानत नाही. आणि फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर दोन अंक उलटसुलट टाइप झाल्याचा संशय घ्या. २४,३७२ च्या जागी २४,७३२ झालं तर फरक ३६०, म्हणजे नऊ गुणिले चाळीस. नऊने भाग गेला म्हणून तीच चूक असेल असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

बेरीज वर्डच्या तक्त्यातच `=SUM(ABOVE)` ने केली असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वरचे आकडे बदलले तरी ती आपोआप बदलत नाही. आकडा निवडून F9 दाबावं लागतं. आणि मधे एखादा चौकोन रिकामा असेल तर ती त्याच्या वरचं धरत नाही. मथळ्यात 2025 असा आकडा असेल तर तोही बेरजेत जाऊ शकतो. बेरजेत दोन हजार पंचवीस रुपये जास्त निघाले तर ते कुठून आले हे शोधायला सांगावं लागू नये.

मूळ फाइलमध्ये ओळीओळींची साखळी तपासायला एवढं पुरतं. C हप्त्यापूर्वीची बाकी, D हप्ता, E मुद्दल, F व्याज, G हप्त्यानंतरची बाकी:

```
=D2=E2+F2
=G2=C2-E2
=C3=G2
```

कुठे FALSE दिसलं आणि डोळ्यांना मात्र आकडे जुळलेले वाटले, तर पैसे लपले आहेत. रकाना पूर्ण रुपयात दाखवतोय, पण पोटात २,७६३.४५ आहेत. व्याज काढतानाच `=ROUND(C2*12%/12,0)` असं गोल केलं की दिसणारा आणि असलेला आकडा एकच होतो.

जुळत नाही म्हणजे चूकच असं नाही

दोनदा मी बरोबर तक्त्याला लाल केलंय, म्हणून हे लिहिते. व्याज दिवसांवर मोजलं जात असेल तर पहिल्या ओळीत ३,००० येणार नाहीत. तीन लाखांवर १२ टक्क्यांनी ३० दिवसांचे २,९५८.९० होतात आणि ३१ दिवसांचे ३,०५७.५३. व्याज मग सरळ उतरत नाही, थोडं डुलत उतरतं. कर्ज २० मार्चला वाटलं आणि पहिला हप्ता ५ मेला, तर पहिल्या ओळीत जादा दिवसांचं व्याज येतं. सुरुवातीचे काही महिने फक्त व्याज भरायची सवलत असेल तर तिथे मुद्दल शून्य असतं. म्हणून गणित करण्याआधी व्याजाचं कलम वाचा, आणि शंका ही प्रश्न म्हणून लिहा. “पहिल्या ओळीचं व्याज दिवसांवर आहे का?” असं समासात लिहिलं की कर्ज विभाग उत्तर देतो. आकडा खोडून दुसरा लिहिला की दोन फोन होतात आणि आवाज चढतात.

चिठ्ठी कुठे जाते

मी दुरुस्त्यांची वेगळी चिठ्ठी करते आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कुठे करायची ते लिहिते. मथळ्यांची भाषा वर्डमध्ये. तारखांचं वाचन एक्सेलमध्ये आणताना. शेवटचा हप्ता कर्ज विभागाच्या सूत्रात. तक्ता नव्याने आला की आधीची चिठ्ठी शेजारी ठेवून फक्त तेवढंच पहिल्यांदा बघते. जुनी चूक परतली असेल तर पुढे वाचतच नाही, फाइल परत पाठवते.

तोच तक्ता आणखी कुठे छापलाय तेही विचारायचं. १ ऑक्टोबर २०२४पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांना बँकांना ठळक तथ्यांचं विवरणपत्र द्यावं लागतं, आणि त्याच्यासोबतही परतफेडीचं वेळापत्रक असतं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, त्यामुळे त्यांच्या कागदांत ते नसेल. बँकेच्या संचात मात्र मी दोन्ही तक्ते समोरासमोर ठेवते: पहिली, दुसरी आणि शेवटची ओळ, आणि बेरजेची ओळ. करारनाम्यात शेवटचा हप्ता २६,६५१ आणि विवरणपत्रात अजून २६,६५५, हे याच नमुन्यात चौथ्या प्रुफाला सापडलं.

सह्या झाल्यावर चूक सापडली तर मात्र हा आपला विषय राहत नाही. पान बदलून नवं लावायचं नाही आणि पांढरी शाई तर अजिबात नाही. बँकेच्या विधी विभागाला कळवायचं. दुरुस्तीपत्र किंवा पुरवणी करार करून कर्जदार आणि जामीनदार यांच्या सह्या पुन्हा घ्यायच्या की कसं, ते ते ठरवतील. त्या दुरुस्तीपत्रातही एक छोटा तक्ता असतो. तोही माझ्याकडे पाठवा, आणि सोबत मूळ एक्सेल फाइल.